मदत हवी आहे: इंटर्नशिपच्या आभाराच्या पोस्टमध्ये चूक सांगावी का?

मंडळी, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मुलुंडच्या एका साइटवरची दोन महिन्यांची इंटर्नशिप शनिवारी संपली. टीमचे आणि माझ्या मेंटॉर सरांचे आभार मानायचेत, पण ‘खूप शिकायला मिळालं’ एवढंच लिहायला हात धजत नाही.

खरी गोष्ट अशी. एम ३० काँक्रीटचे क्यूब सात दिवसांनी साधारण २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला तुटायला हवे होते, माझे १४ लाच तुटले. सगळे काँक्रीटवाल्यावर घसरले. सरांनी मात्र शांतपणे विचारलं, “साचा उघडल्यावर क्यूब कुठे होते?” पाण्याच्या टाकीऐवजी दोन दिवस उन्हात! माझीच चूक. सरांनी माझ्यासमोर कॉलमवर रिबाउंड हॅमर मारून पाहिला; आकडे बाकीच्या कॉलमसारखेच आले. नुसत्या हॅमरवर विसंबायचं नाही म्हणून २८ दिवसांच्या क्यूबची वाट पाहिली. ते टाकीतच होते, पास झाले. ओरडा? एक शब्द नाही.

हे लिंक्डइनवर लिहिलं तर वाचणाऱ्याला बिल्डिंगच कच्ची वाटेल का? साइटचं नाव आणि आकडे गाळले तर चालेल? आणि सरांना टॅग करण्याआधी मजकूर दाखवावा का? साइटवर काम केलेल्यांनी सांगा, प्लीज.