मदत हवी आहे: ब्रशिंगनंतरचा फरक कोणत्या इंडेक्सवर मोजू?

सत्तरी तालुक्यातल्या शाळेत ११ वर्षांच्या मुलांची तपासणी करतेय. एका मुलीचा ३६ काढलेला आहे, ३७ अजून पूर्ण आलेला नाही. म्हणून ओएचआय-एसमध्ये पाचच पृष्ठभाग धरले: डेब्री १, १, १, ०, १, बेरीज ४, भागिले ५ म्हणजे ०.८. कॅल्क्युलस शून्य, म्हणजे एकूण ‘चांगली’.

पण हिरडीलगत प्लाक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. सिल्नेस-लोमध्ये तिथे २ पडतात, कारण तो हिरडीजवळची जाडी बघतो, किती भाग झाकलाय ते नाही. दात नीट वाळवून पुन्हा पाहिलं, तरी तेच.

तीन महिन्यांनी परत मोजायचंय. वेळ एकाच इंडेक्सपुरता, तपासणारी मी एकटीच. मग कोणता ठेवू?