शब्दचर्चा : 'वाढीव ओव्हरहेड' नेमकं कशाला म्हणायचं?

नवी_पाटी: प्रोजेक्टच्या कॅश फ्लोमध्ये फक्त वाढीव ओव्हरहेड धरा असं सगळे सांगतात. पण आमच्याकडे नवीन पॅकिंग लाइनचा प्रस्ताव आहे आणि कंपनीचा नियम असा की विक्रीच्या 10 टक्के हेड ऑफिसचा खर्च म्हणून प्रत्येक प्रोजेक्टवर पडतो. लाइनची वर्षाला विक्री 80 लाख, थेट खर्च 60 लाख, म्हणजे 8 लाख ओव्हरहेड. आमच्या खात्यावर तो आत्ता नाहीये, लाइन आली की येणार, मग तो वाढीवच झाला ना?

काटकोन: नाही हो, ओव्हरहेड सगळा फिक्स्डच असतो, तो धरायचाच नाही. सरळ काढून टाका नि मोकळे व्हा.

खतावणी: काटकोन, 8 लाखांपुरतं तुमचं बरोबर, पण "सगळा फिक्स्ड" हे नाही पटलं.
नवी_पाटी, तुमच्या खात्यावर काय वाढतं ते बघूच नका, अख्ख्या कंपनीच्या बँकेतून काय जास्त जातं ते बघा. लाइन घेतली तर आणि नाही घेतली तर, अशी दोन चित्रं समोर ठेवायची आणि मधला फरक तेवढा आपला. हेड ऑफिसचं भाडं, डायरेक्टरांचे पगार, ऑडिट फी दोन्ही चित्रांत सारखीच असेल तर तुमच्यावर 8 लाख पडले की बाकीच्या खात्यांवरचे मिळून 8 लाख कमी होणार, कंपनीतून एक पैसाही जास्त गेला नाही. याला वाटून आलेला खर्च म्हणायचं, वाढीव नाही.
पण लाइनसाठी एक क्वालिटी इन्स्पेक्टर नवा घ्यावा लागला आणि विम्याचा हप्ता वाढला, दोन्ही मिळून वर्षाला 3 लाख, तर ते ओव्हरहेडच आहेत आणि खरोखर वाढलेत. ते धरायचेच.
गुंतवणूक किती आणि किती वर्षांची?

नवी_पाटी: 50 लाख, 5 वर्षं, दर 12 टक्के. शेवटी मशीनची किंमत शून्य धरलीय, टॅक्स सध्या बाजूला ठेवलाय. आणि हो, इन्स्पेक्टर आणि विमा खरंच लागणार, अंदाजही तेवढाच आहे.

खतावणी: मग 12 टक्क्यांनी 5 वर्षांचा गुणक साधारण 3.605.
8 लाख वजा केले तर वर्षाला 12 उरतात, त्यांची आजची किंमत 43.3 लाख, 50 वजा जाता एनपीव्ही उणे 6.7, प्रस्ताव बाद.
काटकोन म्हणतात तसं काहीच धरलं नाही तर 20 लाखांचे 72.1, एनपीव्ही अधिक 22.1, म्हणजे चित्र आहे त्यापेक्षा गोड.
खरे वाढीव 3 लाख धरले तर 17 चे 61.3, एनपीव्ही अधिक 11.3. लाइन घ्यावी, पण 22 लाखांची उशी आहे असं समजून नको.

दुपारची_पाळी: आमच्या खात्यावर पण असंच भाडं टाकतात, जागेच्या क्षेत्रफळावर, आणि मग आम्ही तोट्यात दिसतो!! म्हणजे आता भाव काढतानाही ओव्हरहेड सोडून द्यायचा का?

खतावणी: तो प्रश्न वेगळा आहे. वर्षभराच्या सगळ्या मालाच्या भावातून हेड ऑफिसचा खर्च निघायलाच हवा, तिथे वाटणी लागते. इथे प्रश्न फक्त एक लाइन घ्यायची की नाही एवढाच आहे. तुमच्याकडचा तोटा खरा आहे का ते बघायचं तर खातं बंद केल्यावर भाड्याचं बिल खरंच कमी होईल का ते विचारा.

काटकोन: मान्य, माझं सरसकट होतं. पण जागेचं काय? लाइन गोदामाच्या रिकाम्या कोपऱ्यात बसणार असेल तर भाडं शून्यच ना?

खतावणी: आज शून्य. पण इतर मालाच्या वाढीमुळे तो कोपरा तिसऱ्या वर्षी लागणारच असेल आणि लाइनमुळे तेव्हा बाहेर गोदाम घ्यावं लागलं, तर तिसऱ्या वर्षापासूनचं ते भाडं या लाइनचंच. वाटणीच्या कागदावर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे असतं आजचं भाडं भागिले क्षेत्रफळ. पगारपत्रक, आयटी, खरेदी विभाग यांचंही तसंच, एका लाइनने काही हलत नाही, पण चौथी आली की अचानक एक माणूस जास्त लागतो. म्हणून अकाउंट्सला टक्के विचारू नका, "लाइन आली तर कुठली बिलं बदलतील आणि कुठल्या वर्षी" असं विचारा.

उतारा: मला एक खटकतंय. प्रत्येक लाइन असंच म्हणणार की हेड ऑफिस माझ्यामुळे वाढलं नाही, मग दहा वर्षांत ते दुप्पट झालं ते कुणामुळे? आम्ही जुन्या वर्षांचा हेड ऑफिसचा खर्च विक्रीशेजारी मांडला तेव्हा तो विक्रीबरोबर चढलेला दिसला, म्हणून आम्ही विक्रीच्या 2 टक्के वाढीव म्हणून धरतो.

खतावणी: मुद्दा रास्त आहे, आणि 10 पेक्षा 2 कितीतरी खरे. तरी महागाई बाजूला काढून बघितलंत का? आणि मला टक्क्यापेक्षा चौथ्या लाइनचा तो माणूस त्याच्या वर्षात दाखवलेला जास्त पटतो.

उतारा: महागाई काढलीय. पण चौथी लाइन येणार की नाही हे आज कुणाला माहीत, तो माणूस कुणाच्या नावावर टाकणार? मी 2 टक्क्यांवर ठाम.

नवी_पाटी: 2 टक्के म्हणजे माझ्याकडे वर्षाला 1.6 लाख, आधीच्या 3 लाखांवर तो धरूनही एनपीव्ही 5.5 लाखांच्या आसपास अधिक राहतो. गोदामवाल्यांना विचारलं, तो कोपरा चौथ्या वर्षी लागेल म्हणतायत. बाहेरच्या भाड्याचा आकडा आला की परत मांडते.