ऑफिसातून एसी चालू करायचाय: आयआर ब्लास्टर घेऊ का?

मानसी, सी-३०२: बेडरूमचा एसी साधा आहे, वायफायवाला नाही. ऑफिसमधून निघताना चालू करता यावा म्हणून आयआर ब्लास्टर बघतेय, म्हणजे मोबाईलवरून हुकूम घेऊन रिमोटसारखा सिग्नल सोडणारी वायफायवाली डबी. नीट चालतो का? आणि त्या कंपनीला आपल्या घरातलं काय काय कळतं?

देशपांडे काका, ए-१०४: चालतो. पण तो फक्त बोलतो, ऐकत नाही. एसीकडून उलट काहीच येत नाही. ॲपमध्ये 'चालू' दिसतं याचा अर्थ सिग्नल सोडला, एवढाच.

सागर, बी-५०१: काकांचा मुद्दा एसीला जास्त लागू होतो. टीव्हीच्या रिमोटचं एक बटण म्हणजे एक कोड. एसीचा रिमोट मात्र दर वेळी सगळी अवस्था पाठवतो: चालू की बंद, मोड, तापमान, पंखा, स्विंग. म्हणून असं होतं बघा. तुम्ही ऑफिसातून २४ वर कूल लावला. घरी आईंनी हातातल्या रिमोटने बंद केला. ॲपला ते कळलेलंच नाही. तासाभराने वीज वाचवायची म्हणून तुम्ही ॲपमध्ये २४ चे २६ केले, की 'चालू, कूल, २६' असा अख्खा निरोप जातो आणि बहुतेक एसी पुन्हा सुरू होतात.

मानसी, सी-३०२: 😳 मग खात्री कशी करायची?

सागर, बी-५०१: खोलीचं तापमान दाखवणारा सेन्सर हवा. काही ब्लास्टरमध्ये असतो, काहींना वेगळा जोडता येतो. १५-२० मिनिटांत आकडा उतरला नाही तर एसी लागलेला नाही. दुसरा उपाय म्हणजे वीज मोजणारा १६ अँपियरचा स्मार्ट प्लग. तो मोजायलाच वापरा, चालू कॉम्प्रेसरचा करंट त्याने तोडू नका.

देशपांडे काका, ए-१०४: टीव्हीची गंमत वेगळी. पॉवरचा कोड बहुतेक एकच, चालूलाही तोच नि बंदलाही तोच. शंका आली म्हणून दोनदा दाबलं की गाडी मूळ पदावर. आणि ब्लास्टरला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका. बऱ्याच टीव्हींत टीव्ही बंद झाला की ते पोर्टही बंद पडतं, मग चालू कोण करणार? मोबाईलचा जुना चार्जर लावा.

नेहा, डी-२०३: जोडताना राऊटरचं २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वापरा, यातले बहुतेक ५ वर चालत नाहीत. ॲपमध्ये एसीची कंपनी निवडली की एकामागून एक कोडसंच येतात. पहिल्याने एसी 'पीं' वाजला म्हणून तिथेच थांबू नका; तापमान, स्विंग आणि बंद हे तिन्ही तपासा. कंपनी यादीत नसेल तर मूळ रिमोटवर 'कूल, २४' लावून तो अख्खा निरोप एका बटणावर शिकवा, 'बंद' दुसऱ्यावर. तेवढ्यावर काम भागतं.

एसी ऐकत नसेल तर मोबाईलचा पुढचा कॅमेरा ब्लास्टरवर धरून बटण दाबा. जांभळट चमक दिसली तर ब्लास्टर ठीक आहे, मधे काहीतरी आडवं येतंय किंवा कोड चुकीचा आहे. लाकडी कपाटात ठेवला तर किरण बाहेर पडणार नाहीत, आणि एका खोलीतला दुसऱ्या खोलीत चालणार नाही.

मानसी, सी-३०२: आणि कंपनीचं?

सागर, बी-५०१: ब्लास्टर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी उघडून ठेवतो, म्हणून राऊटरमध्ये काही करावं लागत नाही. तुमचा फोन सर्व्हरला सांगतो, सर्व्हर ब्लास्टरला. वाटेत निरोप एन्क्रिप्टेड असतो, पण सर्व्हरवर कंपनीला वाचता येतो. म्हणजे खात्याचा मोबाईल किंवा ईमेल, घराचा आयपी पत्ता, उपकरणांना दिलेली नावं, टायमर आणि कोणतं बटण कधी दाबलं हे सगळं तिथे पोचतं. रोज ७ ला एसी लागतो आणि चार दिवस लागलाच नाही, यावरून घर रिकामं आहे हे कळतं. खरी खासगी गोष्ट तीच.

टीव्हीवर काय बघता ते मात्र यातून जात नाही. चॅनल नंबर ॲपमधून दाबलात तर तेवढे आकडे जातात. हातातल्या रिमोटचं सहसा काहीच जात नाही. अलेक्सा किंवा गुगल जोडलंत तर हीच माहिती आणखी एका कंपनीकडे.

नेहा, डी-२०३: जोडणी करताना अँड्रॉइडवर लोकेशन मागतात, नंतर ती परवानगी काढून टाका. खोलीला 'बेडरूम - आई' ऐवजी 'खोली २' म्हणा. ब्लास्टर राऊटरच्या गेस्ट नेटवर्कवर टाकला तर घरातल्या बाकी उपकरणांपर्यंत तो सहसा पोचत नाही; घरात बसून दिलेला हुकूमही मग सर्व्हरवरूनच फिरून येईल.

देशपांडे काका, ए-१०४: सर्व्हर बंद पडला तर?

सागर, बी-५०१: बाहेरून काही चालणार नाही, हातातला रिमोट चालेल. क्लाउड, म्हणजे कंपनीचा सर्व्हर, नकोच असेल तर घरातल्याच संगणकावर चालणाऱ्या होम असिस्टंट या सॉफ्टवेअरवर लोकल चालणारा ब्लास्टर घ्यायचा आणि बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित यायला व्हीपीएन. ब्रॉडलिंक कंपनीचे चालतात, फक्त त्यांच्या ॲपमधलं `Lock device` बंद ठेवायचं. पण त्यासाठी घरात एक छोटा संगणक कायम चालू लागतो. मानसी, एका एसीसाठी एवढा खटाटोप मी सुचवणार नाही.

मानसी, सी-३०२: बरं. सेन्सरवालाच बघते, आणि लोकेशन बंद.

नेहा, डी-२०३: राऊटर इन्व्हर्टरवर आहे ना? नसेल तर लाईट गेली की राऊटर आणि ब्लास्टर दोन्ही गेले. आणि ब्लास्टर पुढे कुणाला दिलात तर आधी ॲपमधून काढून टाका, नाहीतर तो तुमच्याच खात्याला बांधलेला राहतो.