जोखीम म्हणजे फक्त तोटा नव्हे

«सोलापुरात आमच्या कॉलेजच्या फायनान्स क्लबचा मी अध्यक्ष. पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘पैसे बुडण्याची शक्यता’ यापलीकडची जोखीम भाषणात कशी सांगू?»

व्याख्या नको, २०२० सांगा. जानेवारीच्या उच्चांकापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला आणि नोव्हेंबरात परत त्याच पातळीवर आला.

आता समजा, एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराने आणि एका प्राध्यापकाने जानेवारीत निफ्टीच्या इंडेक्स फंडात चार-चार लाख टाकले. २३ मार्चला दोघांचे साधारण अडीच लाख झाले. लॉकडाऊनमध्ये प्राध्यापकांचा पगार चालू राहिला, त्यांनी फंडाला हात लावला नाही आणि नोव्हेंबरात पैसे भरून निघाले. कारखानदाराचे माग मात्र बंद पडले, व्यापाऱ्यांकडची उधारी अडकली, बँकेचं व्याज थांबलं नाही. त्याला तोट्यातच विकावं लागलं. बाजार सावरला तेव्हा त्याच्याकडे युनिट्सच नव्हते.

फंड एकच, घसरणही तेवढीच. फरक दोन गोष्टींचा: पैसे कधी लागणार, आणि बाजार पडतो त्याच वेळी कमाईही आटते का. दुसरी गोष्ट मुलांच्या डोक्यात सहसा येत नाही, तिच्यावर जास्त वेळ घ्या. चढउताराचे आकडे फंडाच्या माहितीपत्रकात सापडतात. ही जोखीम तिथे छापलेली नसते, कारण ती घेणाऱ्याच्या घरची असते.

कुणी ‘मग एफडीच बरी’ म्हणालंच, तर विचारा: सहा टक्के व्याज आणि सात टक्के महागाई असेल, तर दहा वर्षांनी त्या पैशांत आजच्याइतकं सूत येईल का?