विशनंतर वुड हॅव नको

“दाभोळच्या खाडीवर निबंध लिहिताना मुलीने ‘आय विश आय वुड हॅव लर्न्ड टु रो’ असं लिहिलं. बाईंनी का कापलं?”

बाईंचं बरोबर आहे. मराठीत ‘वल्हवायला शिकले असते तर बरं झालं असतं’ म्हणताना ‘असतं’चं रूप दोन्हीकडे येतं, म्हणून आपली मुलं वुड हॅवही दोन्हीकडे लावतात. इंग्रजीत विश किंवा इफ ओन्लीनंतर, जे घडलंच नाही त्यासाठी हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप लागतं: ‘आय विश आय हॅड लर्न्ड टु रो’. वुड हॅव परिणामाच्या भागात: ‘इफ ओन्ली आय हॅड लर्न्ड, आय वुड हॅव टेकन आजोबाज् बोट आउट’. अमेरिकन बोलण्यात मुलीने लिहिलेलं रूप ऐकू येतं, तरी निबंधात ते टाळावंच.

खंत आजची असेल, म्हणजे अजूनही वल्हवता येत नसेल, तर नुसता भूतकाळ: ‘आय विश आय न्यू हाउ टु रो’. आणि आठवण सांगताना मुलं इथेच अडखळतात: ‘दॅट इव्हनिंग आय विश्ड आय न्यू हाउ टु रो’. विशचं विश्ड झालं, पण न्यू तसंच राहिलं. तिथे हॅड नोन केलं, तर खंत त्या संध्याकाळच्याही आधीच्या काळाची होते.