मदत हवी आहे: निवृत्तीच्या रकमेत कर कुठे धरायचा?

आई-बाबांचा वर्षाचा खर्च 6 लाख आहे. महागाई 6%, परतावा 8% आणि मुदत 30 वर्षं धरली. पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच काढायचे, म्हणून सूत्र असं घेतलं:

6 × [1 − (1.06/1.08)^30] / (1 − 1.06/1.08)

उत्तर सुमारे 1.39 कोटी. खरा परतावा 1.89% येतो (8 मधून 6 सरळ वजा केले तर 2% दिसतो आणि रक्कम दोन लाखांनी कमी भरते).

पण व्याजावर 20% कर धरला की परतावा 6.4% उरतो आणि हीच रक्कम 1.71 कोटींवर जाते! एवढी तफावत पाहून काळजी वाटते. कर असा परताव्यातूनच वजा करावा, की स्लॅबप्रमाणे दरवर्षीच्या खर्चात मिळवावा? जाणकारांनी कृपया सांगावं.