कोऑर्डिनेटरचा इंटरव्ह्यू: "220 दिवस, 17 प्रकरणं, समान वाटून देईन" यात चुकलं काय?

नवी_पट्टी:
परवा एका विनाअनुदानित शाळेत अॅकॅडमिक कोऑर्डिनेटरचा इंटरव्ह्यू दिला. आठवीच्या गणिताचं वर्षाचं नियोजन कसं कराल विचारलं. मी म्हटलं 220 दिवस, 17 प्रकरणं, समान वाटून देईन. मग विचारलं एका मॅडमबद्दल पालकांच्या तीन तक्रारी आल्यात, काय कराल. मी म्हटलं मॅडमना समज देईन, वर्ग बदलेन. दोन्हीला पॅनेल गप्प. खरं सांगायचं तर हे कागदी काम आहे, कुणीही करेल. चुकलं काय?

मधली_सुट्टी:
"कुणीही करेल" वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. अकरा वर्षं हे काम करतेय, पॅनेलवरही बसलेय.

220 दिवस ही सहावी ते आठवीसाठी आरटीईची किमान अट आहे, ते काही शिकवायचे दिवस नाहीत. रोज एक तासिका धरली तर कागदावर 220 तासिका. आमच्या शाळेतलं गेल्या वर्षीचं सांगते. दोन सत्र परीक्षा आणि पेपर तपासणी यात 18 गेल्या, दोन घटक चाचण्यांत 8, क्रीडा सप्ताह आणि गॅदरिंगच्या तालमीत 10, सहल, जयंत्या, अर्ध्या दिवसाच्या शाळा मिळून 8, आणि बाईंच्या रजा व ट्रेनिंग मिळून 16. झाल्या 60. उरल्या 160, त्यातल्या 20 उजळणीला ठेवल्या की शिकवायला 140. म्हणजे प्रकरणाला सरासरी आठ.

आता समान वाटलंत तर कुठे अडेल बघा. विस्तार सूत्रे आठात उरकली तर पुढच्या बैजिक राशींचे अवयव या प्रकरणात पोरं अडतात, कारण ती सूत्रंच उलटी वापरायची असतात. तिथे कच्चं राहिलं की दुसऱ्या सत्रात बहुपदींचा भागाकार आला की वर्ग गप्प बसतो आणि बाईंना वाटतं भागाकार नीट शिकवला नाही. म्हणून मी विस्तार सूत्रांना 10, अवयवांना 12 देते आणि चलन, सूट व कमिशन यातून एकेक-दोनदोन काढते. उत्तर द्यायचं ते हे. कुठे जास्त, का, आणि ते कुठून आणणार.

आणि नियोजन पुरं पडतंय का हे शिक्षकांनी लिहिलेलं पाठाचं टाचण बघून कळत नाही. महिन्याच्या शेवटी प्रत्येक तुकडीतल्या पाच वह्या मागवते आणि शेवटच्या उदाहरणाची तारीख बघते. पुस्तकावर टिक आणि वहीत दोन प्रकरणं मागे, हे दर वर्षी कुठल्यातरी तुकडीत सापडतं.

वही_क्रमांक_3:
टाचणाचा विषय काढलात म्हणून विचारतो. वीस वर्षं अनुदानित शाळेत गणित शिकवतोय. टाचण कुणीही वाचत नाही, सगळे फक्त सही करतात. माझ्या आधीच्या सुपरवायझर बाई तर रोज लाल पेनाने "उद्दिष्टे लिहा" लिहायच्या आणि वर्गात एकदाही आल्या नाहीत. तोच घटक, तीच उद्दिष्टं, दरवर्षी नवीन वहीत उतरवायची. तो वेळ पोरांच्या वह्या तपासायला द्या ना. आमच्याकडे मुख्याध्यापक सेवाज्येष्ठतेने होतो, इंटरव्ह्यू कुठला, त्यामुळे हे असं कुणी विचारतच नाही.

मधली_सुट्टी:
सर, टाचण नको असं मी कुठे म्हटलं? नव्या शिक्षिकेला दोन वर्षं लागतंच. वीस वर्षं शिकवणाऱ्याकडून रोजचं मागणं चूक आहे, हे मान्य.

वही_क्रमांक_3:
मग तुमच्या शाळेत काय करता? वीस वर्षांवाल्यांकडून मागता की नाही? सरळ सांगा.

मधली_सुट्टी:
मागते. आठवड्याचं, एक पान. संस्थेला फाइल लागते.

वही_क्रमांक_3:
झालं! फाइलसाठी! हेच म्हणतोय मी वीस वर्षं.

ट्रस्टी_बोलतोय:
टाचणाचं भांडण बाजूला ठेवा. पालक फी भरतो, त्याला दोन दिवसात उत्तर हवं असतं. माझ्या शाळेत तिसरी तक्रार आली की शिक्षक बदलतो, पालक शांत होतात. ताईंनी वर्ग बदलेन म्हटलं त्यात चूक काय?

मधली_सुट्टी:
दोन दिवसात उत्तर द्यायचं, हे शंभर टक्के बरोबर, फक्त ते उत्तर "तुमची तक्रार मिळाली, गुरुवारी भेटू" एवढंच असावं. निर्णय त्यात नको. पण तीन तक्रारी म्हणजे तीन आहेत का ते आधी बघा! दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एकाच आठवड्यात तीन अर्ज आले, "मॅडम शिकवत नाहीत, ओरडतात". तिघींची मुलं एकाच रिक्षातून यायची. मी आधी मॅडमना बोलवलं नाही, वह्या मागवल्या. तिघांपैकी दोघांच्या वहीत तीन आठवड्यांचा गृहपाठ नव्हता आणि मॅडमनी तारखेसह शेरा लिहिला होता, त्यावर पालकांची सही नाही. मग मागच्या बाकावर बसून दोन तास बघितले. ओरडणं मात्र खरं निघालं. पाचव्या तासाला, 58 मुलं, पंखा बंद. ते त्यांना एकटीला बोलावून सांगितलं आणि तास सकाळी घेतला. वर्ग बदलला असता तर पुढच्या वर्गातही ओरडल्या असत्या, आणि बाकी शिक्षकांना कळलं असतं की तीन अर्ज दिले की माणूस हलतो. मग वहीत शेरा कोण लिहील?

एक अपवाद. हात उगारला असेल तर वह्या बघत बसू नका. आरटीईच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे. त्याच दिवशी लेखी घ्यायचं, मुलाला पालकांसमोर ऐकायचं, मुख्याध्यापकांकडे द्यायचं.

ट्रस्टी_बोलतोय:
58 मुलं का आहेत तेही विचारा. तुमचीच शाळा ना?

मधली_सुट्टी:
विचारलंय. संस्थेला. लेखी. उत्तर नाही.

सईची_आई:
पण आमचं कोण ऐकणार? माझ्या मुलीला चित्रकलेच्या तासाला दर वेळी गणिताच्या मॅडम येतात, वर्षभर रंगपेटी दप्तरातच. मी विचारलं तर म्हणे सिलॅबस मागे आहे. ती रात्री रडत होती. नियोजनाचा प्रश्न आहे ना, मग हे सांगा.

वही_क्रमांक_3:
ताई, खरं सांगतो, मीही घेतलेत चित्रकलेचे तास. इलेक्शन ड्यूटी लागली होती, ट्रेनिंग धरून आठ दिवस गेले. कुठून भरणार होतो? अवयव बाकी होते.

सईची_आई:
म्हणजे तुमची ड्यूटी माझ्या मुलीने भरायची?

वही_क्रमांक_3:
(बराच वेळाने) नाही. चुकलं ते.

मधली_सुट्टी:
सईच्या आई, हा विषय सोडून नाही, हाच विषय आहे. आधी 140 नीट काढले नाहीत की जानेवारीत चित्रकला आणि पीटी जातात. मी बदली तासिकेची वही ठेवते, कुणी कुणाचा तास घेतला. एका विषयाचे महिन्यात दोनपेक्षा जास्त गेले की परत द्यायचे. सर, इलेक्शन ड्यूटी कायद्याने टाळता येत नाही, पण ती लागणार हे आधी दिसतं, त्या वर्षी मी उजळणीचे 20 वरून 12 करते. तरी सगळं बसतं असं नाही. गेल्या वर्षी वर्तुळ: जीवा व कंस हे शेवटचं प्रकरण चार तासात उरकलं आम्ही.

ट्रस्टी_बोलतोय:
वह्या, तारखा, बदलीची वही, ठीक आहे, हे ऐकायला बरं वाटतं. पण एवढं करणारा माणूस मला मिळत नाही आणि मिळाला तर त्यालाच 28 तासिका द्याव्या लागतात.

मधली_सुट्टी:
तिथेच तर गाडी अडते. मला 14 आहेत आणि तरी वह्या घरी आणते.

नवी_पट्टी:
"कुणीही करेल" हे मागे घेते. पण पॅनेलने यातलं काहीच विचारलं नाही हो, फक्त मान डोलवली. परत बोलावलंय, शनिवारी. त्यांच्याच शाळेच्या गेल्या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी आणि परीक्षेचं वेळापत्रक आधी मागितलं तर चालेल का?

वही_क्रमांक_3:
मागा. आणि टाचण रोजचं लागतं का तेही विचारा.